सेटिंगचे तास

खोपोलीजवळच्या एका कारखान्यात मी कॉस्टिंग बघते. तोंडाची फटकळ म्हणून मी सगळीकडे प्रसिद्ध. मशीनच्या शॉपवर माझी चाहूल लागली की लोक उगाचच हातात फडकं घ्यायचे, आणि मलाही त्याची मजा वाटायची. आता लाज वाटते.

त्या वर्षी पैशाची अडचण नव्हती. बँक तयार, मालक तयार. अडचण होती ती धातूच्या भागांना भोकं कोरणाऱ्या एकाच मोठ्या बोअरिंग मशीनची. दुसरं यायला दोन वर्षं, आणि तोवर दोन शिफ्ट धरून आमच्या हातात होते दहा हजार तास. कामं मात्र तीन आली होती. अर्धंमुर्धं कुणालाच नको, घ्यायचं तर अख्खं.

मालकांचा जीव पंपाच्या कामावर. पुढचा सगळा पैसा आजच्या किमतीला आणून खर्च वजा केला की त्याची एनपीव्ही सहा कोटी येत होती, तिन्हींत सगळ्यात मोठी. पण ते एकटंच दहा हजार तास खाणार होतं. मी म्हटलं, "साहेब, कोटी बघू नका, तासाला किती मिळतं ते बघा." पंप ताशी सहा हजार. गिअरबॉक्सला पाच हजार तास आणि चार कोटी, म्हणजे ताशी आठ. व्हॉल्व्हला साडेचार हजार तास आणि तीन कोटी पंधरा लाख, म्हणजे ताशी सात. दोन्ही मिळून सात कोटी पंधरा लाख, वर पाचशे तास शिल्लक! मालकांनी टेबलावर थाप मारली. मी हवेत.

मशीन चालवायचे ते काका, जवळच्याच एका गावातले, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेले. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या केबिनशी आले.

"ताई, व्हॉल्व्हचं तास तुमी ट्रायलच्या दिवसाचं धरलंव का?"

"मग? घड्याळ लावून मोजलेत."

"त्या दिवशी काम धरायचं फिक्स्चर आदीच लावलेलं व्हतं. सगळी मोठी मानसं बघाया उभी, मी बी जरा जोरात चालवलं. रोज तसं नाय व्हनार. व्हॉल्व्हच्या बॅचा बारक्या. दर बॅचला फिक्स्चर काढा, क्रेनची वाट बघा, सेंटर लावा. ते तास कुटं धरलंव?"

मी फणकारले. "काका, तुम्ही मशीन बघा, हिशोब मी बघते." ते "बरं" म्हणून गेले. मला ते शब्द आजही टोचतात.

काम सुरू झालं आणि दोन महिन्यांत व्हॉल्व्ह मागे पडले. मी गुपचूप लॉगबुक आणून बसले. काका म्हणत होते ते दर बॅचचं सेटिंग धरलं तर व्हॉल्व्हला तब्बल सहा हजार तीनशे तास लागत होते. म्हणजे ताशी जेमतेम पाच हजार, पंपाच्याही खाली. आणि दोन्ही कामं मिळून अकरा हजार तीनशे, जे दहा हजारांत बसतच नव्हते. पंप आम्ही केव्हाच नाकारला होता.

मीटिंगमध्ये मालकांनी काकांनाच उभं केलं. "ट्रायलला धावत होतात, आता काय झालं? वय झालं का?" काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या फाईलमध्ये तो सहा हजार तीनशेचा कागद होता. सगळ्यांवर डाफरणारी मी, मी मान खाली घालून पेनचं टोपण काढत-घालत बसले. त्याच आठवड्यात काकांना मशीनवरून काढून कानस देऊन घासकामाला बसवलं. रिटायर होईपर्यंत ते तिथेच होते.

पुढच्या वर्षी मी माझ्या तक्त्यात सेटिंगच्या तासांचा वेगळा रकाना टाकला. मालकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी "थँक यू सर" म्हटलं. हो, म्हटलं!

गेल्या महिन्यात न राहवून काकांच्या घरी गेले. काकू चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा एका दमात सगळं सांगून टाकलं. तास माझे चुकले होते, मला ते मीटिंगच्या आधीच कळलं होतं, कागद माझ्याजवळ होता.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"कागदाचं ठाव व्हतं मला, ताई. लॉगबुक तुमीच नेलंतव ना? म्हनून तर मी तवा सायबांफुडं काय बोललो नाय. म्हनलं, ताई हायेत, त्या सांगतीलच."