रिकाम्या रकान्याचे अकरा दिवस

चार नंबरच्या लाइनला त्रेपन्न टक्के मिळाले, आणि ते मी दिले. मुद्दाम नाही दिले. पण रिपोर्ट माझा होता, त्यामागची हिशेबाची क्वेरी माझी होती, रंगसुद्धा मीच निवडले होते. साठच्या खाली लाल. त्यामुळे चार नंबर लाल.

आधी सगळं नीट सांगते, नाहीतर मी नेहमीसारखी मधूनच सुरू होते. निघोज्याजवळ आमची कंपनी आहे, गाड्यांचे छोटे पार्ट बनवते. मी तिथे रिपोर्ट बनवते. म्हणजे लाइनवरचे लोक शिफ्ट संपली की टॅबवर तीन आकडे भरतात: किती बनले, किती रिजेक्ट झाले, किती रिवर्कला गेले. रिवर्क म्हणजे पार्ट फेकायचा नाही, पुन्हा घासूनपुसून चालवायचा. मी बनलेल्यातून बाकीचे दोन वजा करते, महिन्याची बेरीज करते, टक्के काढते. पहिल्या फटक्यात ओके किती, ते कळतं. बस. एवढ्यासाठी मी संत तुकाराम नगरहून रोज सव्वासहाची बस पकडते, आणि खरं सांगू का, मला आवडतं.

त्या महिन्यात या टक्क्यांना महत्त्व आलं होतं. जुन्या पार्टची ऑर्डर संपत होती. नवा पार्ट दोन नंबरच्या लाइनला द्यायचा की चारच्या, ते महिन्याच्या रिव्ह्यूत ठरणार होतं. ज्या लाइनला मिळणार नाही ती बंद, आणि तिची माणसं तळेगावच्या प्लांटला. चारवर अकरा बायका होत्या, बहुतेक निघोज्याच्याच. चालत यायच्या, दुपारी कुणाचं पोर आजारी असलं की अर्ध्या तासात घरी जाऊन परत. तळेगाव म्हणजे दोन बस. तळेगाव म्हणजे नोकरी सोडणं, हे सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं.

त्यांच्या लाइनच्या ताई, म्हणजे सुपरवायझर, गावच्याच. वय पंचेचाळीसच्या पुढे. रिव्ह्यूच्या आधीच्या दिवशी दुपारी माझ्या टेबलापाशी आल्या. हातात लाइनचं जाड रजिस्टर. टॅब आल्यावर रजिस्टर बंद करा असा मेल आला होता. ताईंनी मेल वाचला होता आणि रजिस्टर चालू ठेवलं होतं.

"पोरी, आमी निम्मा माल खराब काढला व्हय?" एवढंच म्हणाल्या.

मी म्हटलं सिस्टीमचा आकडा आहे, बघते. सिस्टीमचा आकडा आहे हे मी त्या नोकरीत फार वेळा बोलले आहे. त्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. म्हणजे आता बघावं लागणार होतं.

महिन्याचे चोवीस दिवस, दिवसाला एक शिफ्ट, रोज चारशे पार्ट. मी बेरीज न करता एकेक दिवस उघडला. पहिला दिवस: चारशे बनले, पाच रिजेक्ट, तीन रिवर्क, ओके तीनशे ब्याण्णव. बरोबर. दुसरा दिवस: चारशे बनले, सहा रिजेक्ट, रिवर्कचा रकाना रिकामा. आणि ओकेचा रकानाही रिकामा. तीनशे चौऱ्याण्णव नाही. शून्यसुद्धा नाही. काहीच नाही.

डेटाबेसमध्ये रिकाम्याला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नाही. नल म्हणजे माहीत नाही. चारशेतून सहा आणि वर माहीत नाही एवढे वजा केले तर उत्तर माहीत नाही असंच येणार, त्यात मशीनची चूक नाही. पुढे महिन्याची बेरीज करताना मशीन ही माहीत नाही वाली उत्तरं गुपचूप बाजूला ठेवतं, तक्रार करत नाही. असे अकरा दिवस होते. ओके मालात तेरा दिवसांचा माल धरला, आणि भागायला बनलेला माल पूर्ण चोवीस दिवसांचा. त्रेपन्न टक्के. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं, मार्क मिळाले होते.

मी विचारलं, रिकामं का सोडलंत?

त्यांनी सांगितलेलं असं. रिवर्क शून्य असा आकडा भरला की क्वालिटीवाले खाली येतात. शून्य कसं काय, दाखवा, म्हणून अर्धा तास खातात. एक लिहिला तर कुणी येत नाही. म्हणून बाकीच्या लाइनी काही नसलं तरी एक लिहितात. ताईंना खोटा एक लिहायचा नव्हता आणि खरा शून्य लिहून अर्धा तास घालवायचा नव्हता. मग रकाना रिकामा.

म्हणजे ज्या दिवशी काम सगळ्यात चांगलं, तो दिवस माझ्या रिपोर्टमधून गायब. मी हे त्यांना जरा उत्साहात समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, आता?

आता सोपं होतं. कोअलेस नावाचं एक फंक्शन आहे. त्याला कंसात गोष्टी द्यायच्या, ते डावीकडून बघत जातं आणि पहिली जी रिकामी नसेल ती परत देतं. रिवर्क आणि शून्य असं दिलं तर रिवर्कचा आकडा असेल तेव्हा आकडा, नसेल तेव्हा शून्य. मी ते टाइप केलं, मला वाटतं चार सेकंदांत. चार नंबर ८९.७ वर आली. लालची हिरवी झाली. मी ताईंकडे बघितलं, त्या स्क्रीनकडे बघत होत्या.

दोन नंबर ९७.९ वर होती.

खाली बघितलं तर चारचे अजून दोन दिवस रिकामे. चौदा आणि पंधरा तारीख. त्या दिवशी रिवर्कबरोबर रिजेक्शनचाही रकाना कोरा. मी म्हटलं हात्तिच्या, आणि रिजेक्शनलाही कोअलेस लावलं. हाताला वेग आला होता माझ्या. बनलेल्यालाही लावलं, तिथे एकही रिकामं नसताना. रिपोर्ट पुन्हा चालवला. चार नंबर ९८.०, दोन नंबर ९७.९. एका दशांशाने पुढे.

मी खुर्ची गोल फिरवली. मला वाटलं ताई काहीतरी म्हणतील, निदान चहा पाजतील.

त्यांनी चौदा तारखेच्या ओळीवर बोट ठेवलं. चारशे बनले, चारशे ओके.

"ह्ये न्हाई बरोबर," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं चारशेला चारशे आजतागायत निघाले न्हाईत."

रजिस्टर उघडलं. चौदा आणि पंधराला पेनाने लिहिलं होतं: गेज कॅलिब्रेशनला. गेज म्हणजे ज्याच्यात पार्ट घालून माप बरोबर आहे का बघतात ते, आणि कॅलिब्रेशन म्हणजे त्या गेजचंच माप बाहेरून तपासून आणणं. ते दोन दिवस गेजच नव्हतं, पार्ट तपासले नव्हते, पुढच्या डिपार्टमेंटने त्यांच्या हिशेबाने बघून घेतले असतील. दोन नंबरला वेगळं गेज होतं. म्हणजे हे दोन रकाने रिकामे होते कारण खरंच कुणाला माहीत नव्हतं. बाकीचे नऊ रिकामे होते कारण माहीत होतं आणि शून्य होतं. टॅबला दोन्ही सारखेच दिसत होते. मलाही.

मी अगदी हळू आवाजात म्हटलं, ताई, ते दोन दिवस काढले तर पुढे नाही राहणार तुम्ही. हे बोलताना मला लाज वाटली असं आता वाटतं. तेव्हा मला फक्त तो एक दशांश दिसत होता. आणि त्या अकरा जणी, ज्या दुपारी माझ्या खिडकीखाली डबा खायच्या.

ताईंनी रजिस्टर बंद केलं.

"न तपासता ओके लिहायचं असतं तर मी पयल्या दिवशीच एक लिहिला असता की. तुझ्यापर्यंत चालत कशाला आले असते?"

मग मी सगळं परत उलटं केलं. बनलेल्यावरचं कोअलेस काढलं, ते तिथे नुसतं शोभेला होतं. रिजेक्शनवरचं काढलं. रिवर्कवरचं ठेवलं, कारण तिथे रिकामं म्हणजे शून्य, हे ज्यांनी रिकामं सोडलं त्यांनीच सांगितलं होतं. आणि जिथे रिजेक्शन रिकामं तो दिवस टक्क्यांतून पूर्ण काढला, वरूनही आणि खालूनही, म्हणजे ओके मालातूनही आणि बनलेल्यातूनही. नुसता वरून काढला असता तर तीच जुनी चूक. शेजारी नवा रकाना केला: तपासणी नाही. चारपुढे दोन.

चार नंबर ९७.९. दोन नंबर ९७.९.

ताईंनी बघितलं, बरं म्हणाल्या, आणि शिफ्ट सुटायच्या आत लाइनवर गेल्या.

दुसऱ्या दिवशी रिव्ह्यूला मला प्रोजेक्टर लावायला बोलावलं होतं, म्हणून मी होते. प्लांटचे साहेब फार बोलत नाहीत. दोन सारखे आकडे बघितले. तपासणी नाही, दोन, हे काय, विचारलं. मी तोंड उघडलं तोवर ताईंनी सांगून टाकलं: गेज नव्हतं, तपासलं नाही, म्हणून धरलं नाही. साहेबांनी मला एकेक दिवस दाखवायला सांगितलं. मी आधी चारची शीट दाखवली, मग दोनची. दोनच्या शीटवर रिवर्कचा रकाना वरून खाली असा होता: एक, एक, एक, एक. साहेब शेवटपर्यंत खाली गेले. चोवीस वेळा एक. मग पुन्हा वर आले, कदाचित दोन कुठे सुटला का बघायला.

"रोज एकच?" त्यांनी दोन नंबरच्या सुपरवायझरना विचारलं.

ते म्हणाले, सर, कन्सिस्टन्सी आहे.

मी प्रोजेक्टरच्या वायरकडे बघत होते. साहेब म्हणाले, नव्या पार्टचं कस्टमर ऑडिट कडक आहे, जे तपासलं नाही ते तपासलं नाही असं दिसणारी शीट मला दाखवता येईल, ही दुसरी येणार नाही. नवा पार्ट चारला. दोनवाल्यांना तळेगाव, तेही नीट बोलून, घाईत नाही. आणि चारला दुसरं गेज.

बाहेर आल्यावर ताईंनी चहा पाजला. माझ्या पैशाने, कारण त्यांची पिशवी लाइनवर होती. मी त्यांना म्हटलं, आता तरी रिवर्क नसेल तेव्हा शून्य लिहा, माझ्या कोअलेसवर सोडू नका, मला तुमचा रिकामा रकाना दरवेळी ओळखू येईलच असं नाही. त्यांनी विचार केला आणि व्हय म्हणाल्या.

आता चार नंबरवाले शून्य लिहितात. त्यामुळे क्वालिटीवाले आठवड्यातून तीन-चारदा खाली येतात, शून्य कसं काय ते बघायला. ताईंनी त्यांच्यासाठी लाइनच्या कडेला एक खुर्ची टाकून ठेवली आहे.