पाटावरची सुपारी

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला मी देवीच्या देवळात गेले ती भक्तीने नव्हे, रागाने. घरात धड रडता येत नव्हतं, आणि भुईगावात बाईमाणसाला एकटं बसायला देऊळ सोडलं तर दुसरी जागा कुठे आहे? मनात श्रद्धा वगैरे काही उरली नव्हती. मनात एक संदेश होता. तो नवऱ्याला पाठवायचा आणि दिवाळी उरकली की मुलीला घेऊन माहेरी निघून जायचं, असं मी ठरवून बसले होते.

हे जहाजावर असतात, फिटर. दर वेळी ठरावीक महिन्यांचा करार असतो आणि तो संपला की बदली माणूस चढतो, मग हे उतरतात. या वेळी दिवाळीला घरी यायचं नक्की होतं. मी चकलीची भाजणी दळून आणली होती, मुलीने अंगणातल्या किल्ल्याची जागासुद्धा बाबांना विचारून ठरवली होती. आणि नवरात्र संपताना आमच्या 'घर' नावाच्या ग्रुपवर एक ओळ आली : 'बदली मिळाली नाही. डिसेंबरपर्यंत थांबतो. काळजी करू नका.' ग्रुपवर सासूबाई, सासरे, दीर, मनवेलपाड्याला दिलेली नणंद आणि मी. सगळ्यांना एकदमच कळलं. दिराने अंगठा टाकला, नणंदेने हात जोडले. सासूबाईंना ग्रुपवर आलेलं सगळं ओटीवर बसून मोठ्याने वाचायची सवय आहे. त्यांनी वाचलं आणि मी ते ओल्या हातांनी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. माझा नवरा दिवाळीला येणार नाही, हे मला सासूच्या तोंडून कळलं.

मी यांना वेगळा, आमच्या दोघांतला संदेश पाठवला. 'मला आधी सांगायला काय झालं होतं?' त्याच्यावर निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. मग मी लिहिलं, 'दिवाळीनंतर मी या घरात असेन असं धरून चालू नका.' त्यावरही निळ्या खुणा, आणि पुन्हा सगळं शांत. जहाजावर इंटरनेट मोजून मिळतं हे मला ठाऊक आहे. पण त्याच आठवड्यात ग्रुपवर 'बाबांची गोळी आणली का?' हे विचारायला ते पुरलं. मला उत्तर द्यायलाच तेवढं कमी पडलं. शेवटी मीही ठरवलं की तुम्ही मला चारचौघांत सांगितलंत ना, मग माझं उत्तरही चारचौघांतच घ्या.

पाडव्याच्या सकाळी मी ओवाळणीचं तबक लावलं आणि त्यांचा जहाजावरचा फोटो पाटावर ठेवायला घेतला. सासूबाई अंगावर आल्या. "जित्या मानसाच्या फोटोला कोनी ओवालतं काय? सुपारी मांड." पूजेत जोडीतलं एक माणूस नसेल तर त्याच्या जागी सुपारी ठेवायची, ही आपली जुनीच रीत. मी पाटावर तांदळाची रास घातली, तिच्यावर सुपारी ठेवली आणि तिला कुंकू लावलं. लग्नाला बारा वर्षं झाली आणि आपण ओवाळतोय कुणाला, तर सुपारीला. मला इतकं अपमानास्पद वाटलं की निरांजनाचं तूप हातावर सांडलं. "आता त्याला ग्रुपवर शुभेच्छा दे," सासूबाई म्हणाल्या, "सगल्यांसमोर जाऊ दे, बरं दिसतं." बरं दिसतं! मी पायात चपला सरकवल्या आणि देवळात जाऊन येते असं सांगून निघाले.

निघताना अंगणातल्या सोनचाफ्याकडे पाहिलं. त्याला एकच फूल होतं. ते तोडून मुठीत घेतलं, पण देवीपुढे उभी राहिल्यावर वाहावंसं वाटेना. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला ओवाळून झाल्यावर यांनी दाराआड याच झाडाचं फूल माझ्या केसांत खोचलं होतं, आणि बाहेर सासूबाई विचारत होत्या की वास कुठून येतोय. मी फूल मुठीतच ठेवून पायरीवर बसले आणि मोबाईलवर लिहू लागले. कडवट लिहिणं सोपं असतं, भराभर सुचतं. 'शुभ दीपावली. तुम्हाला तुमचं जहाज लखलाभ. मी माहेरी जात आहे.' बोट पाठवायच्या खुणेपाशी जाऊन थांबलं. एकदा गेलं की गेलं. पुसलं तरी 'संदेश पुसला' अशी ओळ मागे राहते आणि ती पाहून सासूबाई दिवसभर विचारत बसतात, काय पुसलंस म्हणून.

तेवढ्यात शेजारी एक बाई येऊन बसली. कळंबची कोळीण, वयाने माझ्या आईएवढी, देवीला ओटी भरायला आली होती. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. "बाय, चष्मा इसरले. आमच्या म्हाताऱ्याला पाडव्याचा निरोप लिवून दे. बोटीवर हाय, गुजरातच्या बाजूला. घरच्या ग्रुपवरच लिव, त्याला दुसरं काय उघडता येत नाय." मी फोन घेतला. काय लिहू, म्हणून विचारलं.

"लिव, तुमच्याबिगर घर खायाला उठतं." मी लिहिलं. "नको नको, पूस. सुना वाचतील." थोडा विचार करून म्हणाली, "लिव, तुमची लय आठवन येते." मग पुन्हा स्वतःच लाजली. "पूस गं. मुलगा काय म्हनंल?" अशी तीन-चार वेळा लिहापुशी झाली. शेवटी मीच विचारलं, "मावशी, त्यांना काय आवडतं?" "सोड्यांची खिचडी." "केलीय?" "ते नाय तर कशाला करू?" मी म्हटलं, मग त्या सुक्या कोलंबीचंच लिहूया. आणि लिहिलं : 'पाडव्याला खिचडी केली नाही. सोडे राखून ठेवलेत. वारा बघून या, घाई करू नका.' वाचून दाखवलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. "ह्ये बरं हाय. सुनांना सोडे दिसतील, म्हाताऱ्याला मी दिसन."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, सणाला येत नाहीत याचा राग येत नाही?" तिने माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे सुजलेले होते, ते कुणालाही दिसले असते. "येतो तर! लय येतो. पन त्यांच्यावर नाय येनार तर काय शेजाऱ्यावर येनार? माझा मानूस हाय, राग बी त्याच्यावरच." एवढं बोलून ती उठली, देवीला नमस्कार केला आणि गेली.

मी बसून राहिले. मघाचं सगळं पुसलं आणि ग्रुपवरचा संदेश कसा लिहायचा याचा पहिल्यांदा नीट विचार केला. नाव लिहायचं नाही, आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण नाव जोडलं नाही तर सासऱ्यांनी पाठवलेल्या लक्ष्मीच्या चित्रांखाली माझा संदेश गाडला जाणार. म्हणून यांचा तो 'डिसेंबरपर्यंत थांबतो' शोधून काढला आणि त्यालाच उत्तर म्हणून लिहिलं. म्हणजे तो वर दिसेल आणि त्याच्याखाली मी. तांबडा बदाम चालणार नाही, सासूबाई विचारतील हे कशाला. पणती चालेल. आणि जे लिहायचं ते असं, की ओटीवर मोठ्याने वाचलं गेलं तरी कुणाची मान खाली जाऊ नये.

'पाडव्याच्या शुभेच्छा. तुमचा पाट नेहमीच्या जागी मांडला. आईंनी सांगितलं म्हणून सुपारीला ओवाळलं. ती तुमच्यासारखीच, काही विचारलं तर बोलत नाही. सोनचाफ्याला एकच फूल होतं. ते देवीला वाहिलं नाही, पाटावर ठेवणार आहे. देवी समजून घेईल. तुम्ही याल तेव्हा ओवाळायला मी इथेच आहे. तब्येत सांभाळा.' आणि एक पणती.

'मी इथेच आहे' लिहिताना बोट अडखळलं. बाकीच्यांना त्यात काहीच दिसणार नव्हतं, सून घरात असायचीच. ते तीन शब्द किती महाग पडले हे फक्त एका माणसाला कळणार होतं, आणि तो वाचेल की नाही हे मला माहीत नव्हतं. मी देवीकडे पाहिलं. मागण्यासारखं काहीच सुचलं नाही. म्हटलं, मी लिहिलं, आता पुढचं तू बघ. आणि पाठवून दिलं.

घरी आले तेव्हा ओटीवर वाचन चालू होतं. "सुपारीसारखा बोलत नाय म्हने! खरंच लिवलंय हिने." सासूबाई चक्क हसल्या. नणंदेने लिहिलं, 'वहिनी, चाफ्याचं काय प्रकरण आहे?' दिराने नेहमीप्रमाणे अंगठा टाकला. मी फूल पाटावर सुपारीशेजारी ठेवलं. ग्रुपची एक गंमत आहे, सगळ्यांपर्यंत पोचल्याशिवाय दुसरी खूण येत नाही आणि सगळ्यांनी वाचल्याशिवाय निळं होत नाही. घरातल्या प्रत्येकाने वाचलं, तरी माझ्या संदेशाखाली एकच करडी खूण. जहाज कुठेतरी टप्प्याबाहेर होतं. भाऊबीज झाली, फूल वाळलं, खूण एकच.

त्यानंतर एका दुपारी मी वाडीतून भाजी घेऊन आले आणि पाहिलं तर निळ्या खुणा. ग्रुपवर यांचे तीन शब्द होते : 'पाट उचलू नका.' बस. मला वेगळं काही नव्हतं, माफी नाही, खुलासा नाही. सासूबाई वैतागल्या, "पाट उचलू नको म्हनतो, मग केर कसा काढायचा?" मी म्हटलं, "मी काढते आई, भोवतीने." आणि त्या दिवसापासून भोवतीनेच काढते. माहेरी गेले नाही. राग गेला असंही नाही, तो आहे तिथेच आहे.

नाताळ आला. शेजारच्या वाड्यांवर चांदण्या लागल्या. सासूबाई रोज तारीख विचारत होत्या. एका संध्याकाळी माझ्या फोनवर संदेश आला, ग्रुपवर नव्हे, आमच्या दोघांतल्या त्या बंद पडलेल्या जागी. 'बदली अजून नाही. आणखी दोन महिने. आधी तुला सांगतोय. घरच्यांना तू सांग.'

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. खूप रडले, कारण दोन महिने म्हणजे दोन महिने. मग तोंड धुऊन ओटीवर गेले आणि सासूबाईंना सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना माझ्या तोंडून कळलं.

ती कोळीण मला नंतर बाजारात भेटली. तिने मला ओळखलं नाही, मासळीच्या भावावरून माझ्याशी भांडली मात्र दणकून. म्हातारा परतला का, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिला देवीने पाठवलं होतं असं मी म्हणत नाही. ती चष्मा विसरली होती, एवढंच मला ठाऊक आहे.

पण संदेश आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाफ्याखाली उभी राहिले. फूल होतं. या वेळी मुठीत धरून ठेवलं नाही. नवरा येत नाही अशी बातमी आली म्हणून देवीला फूल वाहणारी बाई आमच्या गावात मीच पहिली असेन.