पेजतर्फे कळविण्यात येते

फळाकाका म्हणजे वाचनालयाचे कारकून. दारातल्या काळ्या फळ्यावर सूचना लिहून लिहून त्यांचं खरं नाव लोक पार विसरून गेले होते. बायकोसुद्धा रागावली की त्यांना फळाकाकाच म्हणायची. अक्षर मोत्यासारखं, भाषा मात्र जप्तीची नोटीस यावी तशी. अध्यक्षांनी फळा काढून टाकला, वाचनालयाचं फेसबुक पेज त्यांच्या गळ्यात मारलं, तरी भाषा काही सुधारली नाही. ‘पेजतर्फे कळविण्यात येते की’ असं लिहिल्याशिवाय त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छाही देता येत नसत.

आता घरातली गोष्ट. लेकीची शाळा नुकतीच संपली होती. तिला फार्मसीला घालायचं, असं घरात ठरलं होतं. म्हणजे काकांचं ठरलं होतं. लेक म्हणाली, “नाही.” काका ओरडले. मग तीही ओरडली आणि दार लावून बसली. तेव्हापासून दोघांत ‘मीठ द्या’ आणि ‘पंखा बंद कर’ एवढंच बोलणं. प्रवेशाची मुदत संपत आली होती आणि पोरीला नेमकं काय हवंय हे या माणसाला माहीतच नव्हतं. रोज विचारायचं ठरवून दारापाशी जायचे, तोंड उघडलं की आतून ‘फार्मसी’च बाहेर पडायचं. काय करणार, खोडच ती!

म्हणून काकांनी अध्यक्षांच्या डोक्यात मोफत करिअर मार्गदर्शनाचं पिल्लू सोडलं. शहरातल्या एक मार्गदर्शकबाई मानधन न घेता यायला तयार झाल्या, वाचनालयाचा हॉल होताच. काकांनी पेजवर इव्हेंट उघडला, वेळ-तारीख-पत्ता भरला आणि मथळा ठोकून दिला: ‘शाळा सोडलेल्यांसाठी मोफत करिअर मार्गदर्शन.’

अहो, शाळा सोडलेल्यांसाठी! ‘शाळा सोडल्याचा दाखला’ हे शब्द आयुष्यभर ऐकत आलेल्या माणसाला त्यात काही वावगं दिसलं नाही. पहिली कॉमेंट कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची आली: ‘मी आठवीत सोडली. येऊ का?’ त्याखाली एक आजीबाई: ‘मी नाही सोडली, शाळेनेच मला सोडलं. चालेल का?’ मग निवृत्त पोस्टमास्तर, ब्लाउज शिवणाऱ्या ताई, दाताचे डॉक्टर. शाळा कोणी सोडलेली नसते हो? ‘गोइंग’ आणि ‘इंटरेस्टेड’चे आकडे सरसर चढले. त्यात विशीच्या आतला एकही नव्हता, कारण त्या वयाची पोरं फेसबुकवर कशाला मरायला येतील?

काकांनी घाबरून मथळा बदलायची परवानगी मागितली.

“खबरदार हात लावाल तर,” अध्यक्ष म्हणाले. “आपल्या कार्यक्रमाला इतकी माणसं कधी आली होती?”

मग काकांनी आठवण करून देणारी पोस्ट टाकली. ‘पेजतर्फे कळविण्यात येते की, कार्यक्रमास आठ दिवस उरले आहेत. वार रविवार, सकाळी दहा, वाचनालयाचा वरचा हॉल. गुणपत्रिकेची प्रत व पेन आणावे. पालकांनीही यावे.’ लगेच पोस्टमास्तरांनी विचारलं, ‘माझे पालक हयात नाहीत. चालेल का?’ पेजने उत्तर दिलं, ‘चालेल.’

त्याच संध्याकाळी ‘उनाड पाखरू’ नावाच्या खात्यावरून कॉमेंट आली: ‘मला जे करायचंय ते घरी पटणार नाही. तरी यावं का?’

काका उत्तर लिहायला बसले आणि त्यांचं लक्ष पाखराच्या फोटोकडे गेलं. फुटक्या किटलीत लावलेलं तुळशीचं रोप. किटली त्यांच्या घरची. खिडकीही त्यांच्याच स्वयंपाकघरातली. पोरगी भिंतीपलीकडे बसली होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

पण हाक मारणार कोण? त्यांनी लिहिलं, ‘अवश्य यावे. घरच्यांचे म्हणणेही बदलू शकते. – पेजतर्फे.’

पलीकडे फोन टुणकन वाजला. ‘घरचे ओरडतात.’

‘ओरडणे योग्य नाही. पेज दिलगीर आहे.’

“कोणाशी एवढं टाइप करताय?” बायकोने विचारलं.

“जनतेशी,” काका म्हणाले.

पुढे हा रोजचाच उद्योग झाला. जेवताना दोघं खाली मान घालून गप्प, आणि हात धुतले की एक या खोलीत, एक त्या खोलीत, सगळ्या गावासमोर गप्पा! किराणावाला प्रत्येक उत्तराला बदाम टाकायचा. काकांनी धीर करून लिहिलं, ‘नेमके काय करायचे आहे, ते कळवल्यास सोयीचे होईल.’ पाखराने लिहिलं, ‘इथे नाही. समोर सांगेन.’ कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच्या पोस्टमध्ये काकांनी वेळ आणि पत्ता दिला, खाली बाटलीभर पाणी आणायला सांगितलं, आणि शेवटी लिहून गेले: ‘पाखराने नक्की यावे. पेज वाट पाहील.’ त्यावर आजीबाईंनी लिहिलं, ‘माझीही पाहा.’

रविवारी हॉल खच्चून भरला. मार्गदर्शकबाई दारातच थबकल्या. समोर चष्मे, काठ्या, टकलं. “विद्यार्थी कुठे आहेत?” त्यांनी विचारलं. “आम्हीच की!” सगळे एका सुरात. बाई पक्क्या व्यवसायातल्या. त्यांनी कलचाचणीचे कागद वाटून टाकले. दाताच्या डॉक्टरांचा कल शेतीकडे निघाला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. पोस्टमास्तरांना नृत्य निघालं. आजीबाईंचा कल सैन्यदलाकडे असल्याचं ऐकून त्यांच्या सुनेने नुसतीच मान हलवली.

काका दारापाशी उभे होते. नाही आली तर? आणि लेक आली. मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि प्रश्नांची वेळ झाली तशी तिने माईक मागून घेतला.

“मला लिफ्टचा कोर्स करायचाय,” ती म्हणाली. “बसवायच्या, दुरुस्त करायच्या. घरी फार्मसी ठरलंय.”

काकांनी तोंड उघडलं. सवयीने ‘फा’ बाहेर पडलासुद्धा. पण तेवढ्यात ब्लाउजवाल्या ताई उठल्या. “पोरी, आमची लिफ्ट पाडव्यापासून बंद आहे गं! कधी येतेस?” “आमची दोन मजल्यांच्या मध्येच थांबते,” पोस्टमास्तर ओरडले. किराणावाल्याने तिचा नंबर मागितला. हॉलभर लिफ्टच्या तक्रारींचा नुसता गोंधळ, आणि मार्गदर्शकबाई टेबल बडवून सांगताहेत, “अहो, तिला आधी प्रवेश तर घेऊ द्या! पालक आलेत का हिचे?”

काका गर्दीतून वाट काढत पुढे गेले. आयुष्यभर सूचना लिहिलेला माणूस, पण चार लोकांसमोर तोंडाने एक वाक्य बोलायची वेळ कधी आली नव्हती. लेकीने माईक त्यांच्यापुढे धरला.

“लिफ्ट तर लिफ्ट,” ते म्हणाले. “कर तू. मी उद्या फॉर्म भरायला येतो तुझ्याबरोबर.”

लेकीने त्यांच्याकडे नीट बघितलं.

“हे पेज म्हणतंय, की बाबा?”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“बाबा,” ते म्हणाले. “तुला विचारायला घाबरत होतो गं मी.”

“मग विचारायचं ना,” ती म्हणाली आणि तिने माईक बंद केला.