दिवसातून किती वेळा?

मिश्रीच्या पाहणीसाठी मी काष्टीजवळच्या वस्त्यांवर घरोघर फिरत होतो. भाजलेल्या तंबाखूची पूड बायका दातांना चोळतात, ती मिश्री. आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न होता, ‘तुम्ही कधी मिश्री लावली आहे का?’ उत्तर ‘नाही’ आलं, की पुढचे चार प्रश्न सोडायचे आणि थेट दातांच्या तपासणीवर जायचं. मला हा पहिला प्रश्न फार मिळमिळीत वाटायचा. सवय कोण कबूल करतं? म्हणून मी तो गाळला. फॉर्मवर पेन टेकवायचा, भुवई उंचवायची आणि नाटकातल्या वकिलासारखं विचारायचं, “मग, दिवसातून किती वेळा? दोनदा की तीनदा?” बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आकडा सांगायच्या. मी स्वतःवर बेहद्द खूश.

एका घरी सात महिन्यांची गरोदर सून शेंगा फोडत बसली होती, शेजारी तिची सासू. माझा तोच खेळ. सून गोंधळली, हसली आणि म्हणाली, “दोनदा.” मी पुढे विचारलं, सोडायचा प्रयत्न किती वेळा केला? ती म्हणाली, “एकदा.” सासूचा हात सुपातच थांबला. डॉक्टरीणबाईंनी तंबाखूला सक्त मनाई केली होती, आणि पोरीनं शपथेवर सांगितलं होतं की आपण कधी शिवलेलो नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी उत्तरं लिहून पुढच्या घरी गेलो.

आठवड्यानं ऑफिसात आमच्या पाहणीच्या प्रमुख मॅडमनी माझे फॉर्म चाळले. त्यांनी शांतपणे विचारलं, “यात ‘नाही’ म्हणणारं एकही माणूस नाही. अख्खी वस्ती मिश्री लावते? तुम्ही पहिला प्रश्न विचारताय ना?” मी तो गाळल्याचं कबूल केलं. प्रत्येक घरी परत जायचं आणि पहिल्या प्रश्नापासून विचारायचं, असं ठरलं.

त्या घरी परत गेलो, तेव्हा सून ओट्यावर एकटीच होती. शेंगा संपल्या होत्या, सासू आत होती. मी या वेळी नाटक केलं नाही. “ताई, तुम्ही कधी मिश्री लावली आहे का?”

“न्हाई.”

“मग त्या दिवशी दोनदा का म्हणालात?”

“तुमी दोन का तीन इचारलं. न्हाई म्हनायला जागाच नव्हती. मला वाटलं, सायबाला कायतरी सांगावंच लागतंय.”

मी सासूला हाक मारली. चूक माझी आहे, प्रश्न उलटा विचारला, सून खरं बोलते आहे, सगळं सांगितलं. ती उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती.

“सायेब, लई ग्वाड बोलता,” ती म्हणाली. “पन तिनं तिच्या तोंडानं आकडा सांगितला. तुमी का तिला पाठीशी घालता?”

सून माझ्याकडं बघून पुटपुटली, “राहू द्या. लिवा दोनदाच.”

मी ‘नाही’ लिहिलं. तिच्या फॉर्मवर तेवढं एक खरं उत्तर होतं, आणि त्याचा तिला काहीच उपयोग नव्हता.