नवा फोन, अनोळखी काकू
शिवणकाम करणाऱ्या काकूंचा पारा सकाळपासून चढला होता. नव्या फोनवर बँकेचं ॲप पुन्हा नोंदणी मागत होतं, आणि करायला गेलं की 'मेसेज गेला नाही' म्हणत होतं.

"खातं माझं, आणि मलाच दाराबाहेर उभं करतात मेले!"

पुतणीने विचारलं, "काकू, सिम कुठंय?"

"जुन्या फोनात. गिऱ्हाइकं त्यावरच फोन करतात ना!"

पुतणीने कपाळाला हात लावला. "अगं, ॲप याच फोनातल्या सिमवरून बँकेला मेसेज पाठवतं. तुझ्या नंबरावरून आला, तरच बँक तुला ओळखते."

सिम इकडे आलं. मेसेज गेला, पिन ठरला, खातं उघडलं. जुन्या फोनवरचं ॲप मात्र बंद झालं.

काकूंचा जीव भांड्यात पडला. "जे कुत्रं मालकिणीवर भुंकतं, ते चोराला काय सोडणार!"