संत्रा नसलेलं पान

माझ्या मुलीची मध्य प्रदेश राज्यसेवेची मुलाखत आठ दिवसांवर आली होती. "आपल्या जिल्ह्याबद्दल सांगा," हा प्रश्न तिथं हमखास येतो, म्हणून तिनं सरकारी जिल्हा परिचय पुस्तिका संकेतस्थळावरून उतरवून, कागदावर छापून आणली. दोनदा लेखी पास होऊनही मुलाखतीत घसरलेली पोर. हा तिचा शेवटचा प्रयत्न होता.

मी लोधीखेड्याच्या नगर परिषदेत बाबू, म्हणजे कारकून होतो. सरकारी कागद म्हटला की माझे हात शिवशिवतात. मुख्य पिकांचं पान उघडलं. मका, गहू, सोयाबीन, कापूस, तूर. संत्रा नाही! माझं डोकंच फिरलं.

"पांढुर्ण्यात संत्रा नाई म्हंते? फेक हे रद्दी!"

"बाबा, काहून तापून राहिले? हे शेतीचं पान हाये. फळबागा उद्यानिकीत वेगळ्या मोजतात. पाहा, तिकडं हाये."

संत्रा तिथं होता, पानभर होता. मी पुढची पानं उलटली. खनिजांमध्ये पहिलाच शब्द कोळसा.

"आता कोळसा कुठून आनला वो माय? जन्म गेला माहा, इथं ढेकूळभर नाई पाहिला."

या वेळी तिनं मला समजावलं नाही. पुस्तिकेची तारीख पाहिली आणि कपाळाला हात लावला. पुस्तिका छिंदवाडा जिल्ह्याची होती, आमचा पांढुर्णा जिल्हा त्यातून वेगळा होण्याआधीची. तिनं मुखपृष्ठ सोडून फक्त आतली पानं छापली होती आणि सगळं तसंच पाठ करून टाकलं होतं.

मग आम्ही दोघं तहसीलवार तक्ते घेऊन बसलो. परासिया, जुन्नारदेव खोडलं. कोळसा त्यांच्यासोबत छिंदवाड्यात राहिला. सौंसर आमच्या नव्या जिल्ह्यात आलं होतं, त्याच्यापुढं मँगनीज होतं, ते ठेवलं. कारखान्यांच्या यादीत सौंसरकडचं औद्योगिक क्षेत्र ठेवलं. जुन्या अखंड जिल्ह्याच्या एकूण बेरजा तिनं घेतल्याच नाहीत. मी मात्र म्हणत राहिलो, "एक नंबरवर संत्रा सांग." ती म्हणाली, "लागवडीचं क्षेत्र पाहूनच सांगीन." पोर हट्टी आहे, माझ्यावर गेली आहे.

मुलाखत देऊन इंदूरहून तिचा फोन आला तेव्हा मी बसस्टँडवर होतो. मुलाखत मंडळातल्या एका साहेबांनी विचारलं होतं, "तुमच्या जिल्ह्यात कोळसा किती?"

"कोळसा नाही सर, मँगनीज आहे."

"सरकारी पुस्तिकेत तर कोळसा लिहिलाय. ती चुकीची आहे का?"

"चुकीची नाही सर, जुनी आहे. ती आमच्या जिल्ह्याच्या जन्माआधीची आहे." आणि तहसीलवार वाटणी तिनं घडाघडा सांगितली. पिकं विचारली तेव्हा शेतात कापूस, बागेत संत्रा, असं वेगवेगळं सांगितलं.

"बाबा, नाराज हो नोका, संत्रा दुसऱ्यांदा सांगितला," ती फोनवर म्हणाली.

निकाल लागला तेव्हा यादी मी स्वतः वाचली, तिचं नाव सापडेपर्यंत यादीवरून बोट उचललं नाही. आता ती अधिकारी आहे. बाबूगिरीत मी हजारो कागदांवर शिक्के मारले, पण तारीख पाहून कागद वाचायला मला माझ्या पोरीनं शिकवलं, हे मी ज्याला त्याला सांगत फिरतो.