पेट्रोल दोनशे-दोनशेनं जातं

आमच्या घरात एकच स्कूटर होती, पेट्रोलची, आणि वापरणारी आम्ही दोघं उलट्या दिशांना. भाऊ निरवांगीहून इंदापूरला खतांच्या दुकानात, मी बारामतीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये. स्कूटर भावाकडं. मी फाट्यापर्यंत चालत, पुढं मिळेल ती एसटी, नाहीतर वडापची जीप. उशीर झाला की अर्धा दिवस कापला जायचा. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिलीच, पण पगार हातात येईपर्यंत त्याचा बराचसा भाग रस्त्यातच उतरलेला असायचा. आबा, म्हणजे माझे वडील, आईला सांगायचे, पोरगी पगारासाठी न्हाय, गाडीभाड्यासाठीच राबतीय.

मग मी बॅटरीवरची स्कूटर घ्यायची म्हणाले. आबांनी कालवड विकून पहिले पैसे भरले, बाकीचे हप्ते माझ्या पगारातून. अट त्यांनी ओट्यावर बसून घातली. "वरीसभर बघू. जड गेलं तर गाडी विकायची, आन नोकरीचं नाव काढायचं न्हाय."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

जाऊन येऊन सत्तर किलोमीटर. संध्याकाळी घरी यायचं, पडवीत चार्जर लावायचा, मग हातपाय धुवायचे. अंग आंबून गेलेलं असायचं, पण प्लग लावल्याशिवाय पाणी प्यायला धीर नसायचा, कारण लाईट कधी जाईल सांगता येत नाही. आबा म्हणाले, शेतातल्या मोटारीच्या लाईनवर लाव की, फुकटात हुईल. ती लाईन पंपापुरतीच आहे, मी लावणार नाही, एवढंच सांगितलं. सुशिक्षितपणा करतीय, असं म्हणून ते वैरण टाकायला गेले.

पहिलं मोठं बिल आलं तेव्हा आबांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. घर आधी सत्तरेक युनिटात भागायचं, आता दीडशेच्या घरात. आणि युनिट दुप्पट झाले तरी रक्कम अडीचपट. शंभर युनिटांच्या वर गेलं की दर चढतो, त्यामुळं माझ्या चार्जिंगचे निम्म्याहून जास्त युनिट महागाचे पडत होते. मी ते समजावलं. ते ऐकून उलट बिघडलंच.

"म्हंजे गाडीनं आमच्या दिव्याबत्तीचा दर वाढीवला. ह्याला स्वस्त म्हणायचं व्हय?"

बिलात साडेसातशेच वाढले होते, आणि तेवढ्यात माझा महिनाभराचा प्रवास झाला होता. किलोमीटरला पंचेचाळीस पैसे. पण ते एकदम, एका आकड्यात दिसले. भावाच्या पेट्रोलचा आकडा कुणालाच दिसत नव्हता. आमच्याकडं कुणी लिटरनं पेट्रोल घेत नाही. खिशात हात घालायचा, दोनशेचं टाक म्हणायचं, निघायचं. गाडी किती पळते, भावालाही ठाऊक नव्हतं.

भांडायचं त्राण नव्हतं. मी आबांना एवढंच म्हटलं, एक महिना भावाच्या पेट्रोलचे पैसे तुमच्या हातानं द्या, मी भरून देईन. भाऊ हसला. त्याला बरंच होतं.

सोमवारी दोनशे दिले. मंगळवारी संध्याकाळी भावानं पुन्हा हात पुढं केला. दुसऱ्या आठवड्यात आबा वैतागले.

"आरं, परवाच तर दिलं न्हवं का? पितूस का काय?"

"आबा, जाऊन येऊन साठ किलोमीटर हाय," भाऊ म्हणाला. "दोनशेत दीड दिस जातोय. तुमी आजवर इचारलंच न्हाय."

महिना संपायच्या आत त्यांनी पैसे द्यायचं बंद केलं, आणि माझ्या बिलाविषयी बोलायचंही.

वर्ष भरल्यावर मी दोन्ही गाड्यांचा सगळा खर्च धरला. भावाची: पेट्रोल, ऑईल, बेल्ट, टायर मिळून किलोमीटरला दोन रुपये ऐंशी पैसे. माझी: लाईट, टायर, ब्रेक, सर्व्हिस मिळून पंच्याहत्तर पैसे. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उरलं किती?"

काहीच नाही, हे मी खरं सांगितलं. पेट्रोलची गाडी घेतली असती तर रस्त्यात जे गेलं असतं, त्यातून हप्ता निघाला. मला वाटलं आता विकायचं काढतील. त्यांनी पडवीतल्या गाडीकडं पाहिलं. मग म्हणाले, "हप्ता फिटला की उरंल की मग. चार्जर लावलास का?"

हप्ते अजून दोन वर्षं आहेत. बॅटरी उद्या बसली तर काय, हा विचार मी अजून करत नाही. वर्षभरात उशिरापायी एकदाही पगार कापला गेला नाही. गाडी माझ्या नावावर आहे, आणि बारामतीची नोकरी मी सोडलेली नाही.